क्लायंट तीनच आहेत, मग अबाउट पेजवर लिहायचं काय?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका भाषांतरकार ताईंचं अबाउट पेज दुरुस्त केलं. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून काय बदललं आणि का बदललं ते इथे सविस्तर लिहितो. तुम्ही भाषांतराचं काम घरून सुरू करणार असाल तर हे पूर्ण वाचा. शेवटी तयार पेजही दिलंय.

ताई पोलादपूर तालुक्यातल्या. केमिस्ट्रीत एमएस्सी झालेल्या. महाड एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये सहा वर्षं नोकरी केली, मग घरच्या कारणाने सोडली. आता इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामं घेतात. त्यांच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. पैसे घेऊन केलेली कामं आतापर्यंत तीन. तिन्ही कंपन्यांनी सांगितलंय की आमचं नाव कुठे टाकू नका.

त्यांचं जुनं पेज असं होतं: "मला लहानपणापासून भाषांची आवड आहे. मी सर्व प्रकारचे भाषांतर १०० टक्के अचूक, वेळेत आणि परवडणाऱ्या दरात करून देते. अनेक नामांकित कंपन्यांसोबत कामाचा अनुभव. ग्राहकांचे समाधान हेच माझे ध्येय."

हेच पेज केटरिंगवाल्याला लावा, फक्त 'भाषांतर' काढून 'जेवण' टाका. फरक पडतो का? अजिबात नाही. पण मला जास्त खटकलं ते "अनेक नामांकित कंपन्या". पहिल्याच फोनवर समोरचा विचारणार, "कोणत्या?" तिथे ताई अडखळल्या की पेजवरचं बाकीचं खरं असलं तरी त्यावरचा विश्वास गेला. जुन्या कंपनीचा लोगो टाकू का, असंही त्यांनी विचारलं होतं. नको. तिथे तुम्ही नोकरीला होता, ती कंपनी तुमची क्लायंट नव्हती. नोकरी ही नोकरी म्हणून लिहा. उलट ती जास्त कामाची आहे, ते पुढे येईलच.

वाचणाऱ्याची भीती काय आहे?

ताईंचं पेज दोन प्रकारची माणसं वाचणार. एक, कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर किंवा एचआरवाला, ज्याला इंग्रजी सेफ्टी डेटा शीट, ट्रेनिंगची पत्रकं किंवा प्लांटमधले बोर्ड मराठीत हवेत. दुसरा, पुण्या-मुंबईच्या भाषांतर एजन्सीतला प्रोजेक्ट मॅनेजर. त्याला कदाचित मराठी येतही नसेल.

माझ्या दुकानात गिऱ्हाईक माल हातात घेऊन, उलटसुलट करून बघतं. भाषांतर विकत घेणाऱ्याला हे जमत नाही. मराठी न येणाऱ्या मॅनेजरला तपासताच येत नाही, आणि मराठी येणाऱ्या सेफ्टी ऑफिसरकडे चाळीस पानं ओळीओळीने जुळवून बघायला वेळ नसतो. वेळ असता तर त्याने ते काम स्वतःच केलं असतं. म्हणजे तो न तपासता आपल्या कागदावर कंपनीचा शिक्का मारणार. तो बोर्ड प्लांटमध्ये लागणार आणि कोणाच्या अंगावर अ‍ॅसिड उडालं की बाजूचा माणूस त्या बोर्डावर लिहिलंय तसं करणार.

त्यामुळे त्याच्या डोक्यातला प्रश्न "हिने आधी कोणाकोणाचं काम केलंय" हा नसतोच. "चुकलं तर मला कळणार कसं, आणि कळलं तर ही काय करणार" हा असतो. मोठी क्लायंट लिस्ट त्या प्रश्नाचं अर्धवट उत्तर देते, म्हणजे इतरांनी घेतलंय तर बरं असेल. लिस्ट नसेल तर तुम्ही त्या प्रश्नाला थेट उत्तर द्यायचं. आणि नीट दिलं तर ते लिस्टपेक्षा भारी पडतं.

एक नमुना, पण कारणासकट

बहुतेक जण नमुना म्हणून एखादा लेख किंवा गोष्ट भाषांतर करून टाकतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मुलांच्या गोष्टी खुल्या परवान्यात असतात. तिथे कोणीही भाषांतर करू शकतं आणि भाषांतरकार म्हणून नावही लागतं. मुलांच्या पुस्तकांची कामं हवी असतील तर उत्तम सुरुवात आहे. पण केमिकल प्लांटच्या सेफ्टी ऑफिसरला सशाची गोष्ट दाखवून काय उपयोग? नमुना त्याच विषयातला हवा.

क्लायंटचा कागद नमुना म्हणून वापरायचा नाही, नाव खोडूनसुद्धा नाही. ताईंच्या क्षेत्रात सुदैवाने सार्वजनिक मजकूर आहे. केमिकलच्या धोक्याच्या सूचना जगभर सारख्या असाव्यात म्हणून संयुक्त राष्ट्रांनी जीएचएस नावाची पद्धत केली आहे. १६ भागांची सेफ्टी डेटा शीट त्यातूनच येते. त्यातली वाक्यं ठरलेली असतात, प्रत्येकाला कोड असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत आणि मराठी त्यात नाही. म्हणून मराठी वाक्य काय करायचं, इथे भाषांतरकाराची परीक्षा होते. अशी तीन वाक्यं ताईंनी निवडली.

पहिलं, कोड पी-३३१: "डू नॉट इंड्यूस व्हॉमिटिंग". डिक्शनरी उघडून केलं तर होतं "वमन प्रवृत्त करू नये". ताईंचं: "उलटी करायला लावू नका". खाली कारण लिहिलं: हे वाक्य वाचणारा माणूस केमिकल गिळलेल्या कामगाराच्या शेजारी उभा असतो, त्याच्याकडे शब्दाचा अर्थ लावायला वेळ नाही. आपल्याकडे पोटात काही वाईट गेलं की आधी उलटी काढायची सवय आहे. जाळणारं केमिकल उलटीबरोबर परत वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. म्हणून वाक्य सरळ आज्ञेचं हवं.

दुसरी जोडी आहे. काही सूचनांमध्ये "कॉजेस" असतं आणि काहींमध्ये "मे कॉज". कातडी गंभीर भाजण्याच्या सूचनेत "कॉजेस" आहे, श्वासनलिकेला त्रास होण्याच्या सूचनेत "मे कॉज". घाईत दोन्हीकडे "होऊ शकते" लिहिलं जातं, कारण मराठीत ते सौम्य आणि बरं वाटतं. ताईंनी पहिल्याला "त्वचा गंभीर भाजते" आणि दुसऱ्याला "श्वासनलिकेची जळजळ होऊ शकते" असं केलं. कारण: "भाजते"चं "भाजू शकते" केलं की धोका कागदावर कमी होतो, आणि तो कमी करायचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

तिसरं वाक्य मला सगळ्यात जास्त आवडलं. डोळ्यात केमिकल गेलं तर डोळे पाण्याने धुवायचे, किती वेळ? मूळात "फॉर सेव्हरल मिनिट्स" आहे. मराठीत "काही मिनिटे" लिहिलं तर बरोबर आहे, पण कामगार दोन मिनिटांत थांबू शकतो. मग तिथे "१५ मिनिटे" टाकायचं का? ताईंनी लिहिलं: "मी आकडा स्वतः टाकत नाही. 'काही मिनिटे' लिहिते आणि क्लायंटला विचारते, तुमच्या प्लांटच्या सूचनेत किंवा डॉक्टरांनी ठराविक वेळ दिलीय का? दिली असेल तर त्यांच्या लेखी उत्तरानंतर बदलते."

बघा, या तिसऱ्या नमुन्यात भाषांतर फक्त दोन शब्दांचं आहे. पण सेफ्टी ऑफिसरला कळतं की ही बाई जिथे अडते तिथे अंदाज मारत नाही, विचारते. त्याची मुख्य भीती तीच होती. आणि मराठी न येणाऱ्या मॅनेजरलाही कारणं वाचता येतात, फक्त ती इंग्रजी पेजवर इंग्रजीत हवीत.

नमुना किती मोठा असावा? तीन-चार वाक्यं पुरे. तीन पानांचा नमुना कोणी वाचत नाही आणि त्यात एखादी टायपिंगची चूक राहिली तर तेवढीच लक्षात राहते. नमुना टाकण्याआधी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. अबाउट पेजवर शुद्धलेखन चुकलेला भाषांतरकार म्हणजे विस्कटलेल्या केसांचा न्हावी.

शब्द कुठून घेता तेही एका ओळीत लिहा. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश shabdakosh.marathi.gov.in वर बघता येतात. पण कोशात "आम्ल" आणि "झडप" असलं तरी प्लांटमध्ये माणसं "अ‍ॅसिड" आणि "व्हॉल्व्ह"च म्हणतात. ताईंनी लिहिलं की सरकारी कागदासाठी कोशातला शब्द, कामगारांच्या बोर्डसाठी प्लांटमधला शब्द, आणि कोणता घ्यायचा ते काम सुरू करण्याआधी विचारून ठरवते. सहा वर्षं लॅबमध्ये काढलेलं माणूसच हे लिहू शकतं. म्हणून म्हटलं होतं, नोकरी जास्त कामाची.

दुसरा डोळा कोणाचा?

भाषांतर सेवेसाठी आयएसओ १७१०० नावाचं मानक आहे, २०१५ सालचं. त्यात एक अट अशी की भाषांतरकाराने स्वतः तपासल्यावर दुसऱ्या व्यक्तीने मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून तपासायचं. एकटं काम करणाऱ्याला हे मानक घ्यायची गरज नाही, आणि नसेल तर "आयएसओप्रमाणे काम" असं लिहायचंही नाही. पण ती एक सवय उचलता येते.

ताईंनी दोघांना धरलं. लॅबमधल्या जुन्या सहकारी मूळ इंग्रजी आणि मराठी जुळवून बघतात. आणि अनेक वर्षं शिफ्टमध्ये काम करून निवृत्त झालेले नात्यातले एक काका, ते फक्त मराठी वाचतात आणि समजलं नाही तिथे पेन्सिलने गोल करतात. ही दोन वेगळी कामं आहेत. काकांना इंग्रजीतलं एखादं वाक्य सुटलेलं कळणार नाही. सहकारी ताईंना सगळंच समजतं, त्यामुळे कामगार कुठे अडेल ते दिसणार नाही. दोघांना ताई पैसे देतात आणि ते दरात धरलेले आहेत.

इथे एक गोष्ट सुटते. क्लायंटची फाइल तिसऱ्या माणसाला दाखवणार असाल तर क्लायंटला ते आधी माहीत हवं. "तुमचा कागद माझ्याशिवाय कोणी बघत नाही" आणि "दोन जण तपासतात" ही दोन्ही वाक्यं एकाच पेजवर मी पाहिली आहेत. दोन्ही खरी कशी असतील? म्हणून स्पष्ट लिहा: कोण बघतं, आणि नको असेल तर तसं सांगता येईल.

काय करत नाही

नवीन माणूस इथे घाबरतो. "नाही" लिहिलं तर काम जाईल. पण "सर्व विषय, सर्व भाषा" वाचून एजन्सीवाला पुढे जातो. त्याला माहीत असतं की एका माणसाला सगळं येत नाही.

ताई फक्त इंग्रजीतून मराठीत करतात, उलट दिशेने नाही. भाषांतरकाराने साधारणपणे आपल्या मातृभाषेत भाषांतर करावं हीच रीत आहे. हिंदी समजतं, पण छापण्यालायक हिंदी लिहिता येतं का? त्यांनीच नाही म्हटलं, म्हणून काढलं. कोर्टाचे कागद, खरेदीखत, सातबारा नाही. आणि "सर्टिफाइड" हा शब्द नाही. भारतात काही देशांसारखी, सरकारने शपथ दिलेल्या भाषांतरकारांची एकच देशव्यापी व्यवस्था नाही. कुठल्या ऑफिसला भाषांतरकाराची सही चालते, कुठे शपथपत्र लागतं, कुठे नोटरी लागतो. ते ज्या ऑफिसात कागद द्यायचा तिथेच विचारावं लागतं. तुम्ही पेजवर "सर्टिफाइड" टाकलंत आणि कोणाचा अर्ज परत आला, तर तो तुमच्या नावावर.

आपल्या भागाची एक खास मर्यादाही घातली. पावसाळा. जुलै २०२१ मध्ये महाडात पूर आला तेव्हाची अवस्था इथल्या कोणाला सांगायला नको. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत तर साध्या वादळी पावसातही लाइट आणि नेट जातं. पुण्याच्या मॅनेजरला नकाशावर पोलादपूर दिसलं की ही शंका येणारच, तो फक्त बोलून दाखवणार नाही. आपणच लिहिलं की जून ते सप्टेंबर प्रत्येक कामाला एक दिवस जास्त धरते. लपवण्यापेक्षा बरं.

नावं नाहीत, मग तीन कामांचं काय?

नाव न घेता कामाचा प्रकार आणि आकार लिहिता येतो, पण तेही विचारून. महाडसारख्या ठिकाणी "बिरवाडी रोडवरची रंगाची कंपनी" म्हटलं की नाव घेतल्यातच जमा. ताईंनी तिन्ही ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज पाठवला:

"नमस्कार सर, माझ्या वेबसाइटवर 'एका रसायन कारखान्यासाठी १६ भागांच्या सेफ्टी डेटा शीटचं मराठी भाषांतर' असं लिहू का? कंपनीचं नाव, प्रॉडक्ट, गाव काहीही येणार नाही. चालणार नसेल तर लिहिणार नाही."

दोघांनी हो म्हटलं, तिसऱ्यांचं उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे परवानगी नाही. म्हणून पेजवर दोनच आली. आणि तिसऱ्याचं न लिहिणं हाच पुढच्या क्लायंटला तुमच्या गुप्ततेचा पुरावा. मात्र त्याला ते कळावं म्हणून एक ओळ लागते, ती खाली आहे.

आता तयार पेज. नाव अर्थात मी काढलंय.

> मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. विषय एकच: कारखान्यातली सुरक्षा आणि केमिकल हाताळणी. सेफ्टी डेटा शीट, प्लांटचे बोर्ड, कामगारांच्या ट्रेनिंगची पत्रकं.
>
> केमिस्ट्रीत एमएस्सी केल्यावर सहा वर्षं महाड एमआयडीसीत लॅबमध्ये नोकरी केली. या सूचना मी रोज वाचत होते आणि त्या न समजणारी माणसं शेजारी काम करत होती. आता पोलादपूरहून स्वतंत्र काम करते.
>
> मी कसं भाषांतर करते ते खालच्या तीन वाक्यांत बघा. प्रत्येकाखाली कारण दिलं आहे.
>
> काम असं होतं: आधी कागद वाचून शंकांची यादी पाठवते. उत्तरं आल्यावर भाषांतर. मग एक जण मूळाशी जुळवून तपासते आणि प्लांटमध्ये काम केलेले एक जण फक्त मराठी वाचतात. दोघांनीही गुप्ततेचं लेखी दिलं आहे. तुमचा कागद त्यांना दाखवायचा नसेल तर आधी सांगा. तेव्हा तपासणी फक्त माझी असेल, आणि तसं मी बिलावर लिहीन.
>
> माझी चूक निघाली तर दुरुस्ती विनामूल्य, कळवल्यापासून कामाच्या एका दिवसात. बदललेली ओळ कोणती, ते वेगळं लिहून देते.
>
> आतापर्यंत: एका रसायन कारखान्यासाठी १६ भागांची सेफ्टी डेटा शीट, एका कारखान्यासाठी प्लांटमधले ४० बोर्ड. नावं लिहीत नाही, कारण त्यांनी तसं सांगितलं आहे. तुमचंही विचारल्याशिवाय लिहिणार नाही.
>
> करत नाही: मराठीतून इंग्रजी, कोर्टाचे आणि जमिनीचे कागद, सहीशिक्क्याची प्रमाणित भाषांतरं. जून ते सप्टेंबर प्रत्येक कामाला एक दिवस जास्त धरते.

मोजून बघा, एका मिनिटात वाचून होतं. "अचूक" शब्द एकदाही नाही. "विश्वास"सुद्धा नाही.

"चूक निघाली तर" हा परिच्छेद ठेवायला ताई तयार नव्हत्या. म्हणाल्या, "सर, मीच चुकीचं नाव काढलं तर लोक म्हणतील चुका करते." मी म्हटलं, सेफ्टी ऑफिसरचं अर्धं काम म्हणजे चूक झाली तर काय करायचं ते आधी लिहून ठेवणं. त्याला हा परिच्छेद आपल्याच भाषेतला वाटेल. फक्त जे पाळता येईल तेच लिहायचं. ताईंनी आधी "दोन तासांत" लिहिलं होतं, ते आपण एक दिवस केलं.

पेजच्या तळाशी खरा फोटो, पूर्ण नाव, तालुका, फोन आणि ईमेल. उद्यम नोंदणी असेल तर लिहा. ती मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. पण त्यातून तुमचा व्यवसाय नोंदलेला आहे एवढंच कळतं, भाषांतर चांगलं आहे हे नाही. म्हणून ती वर नको, तळाशी. जीएसटी नोंदणी नसेल तर तसंही लिहा, कारखान्याचं अकाउंट्स खातं बिलाच्या वेळी विचारतंच. आधार-पॅनचे फोटो मात्र टाकू नका.

इंग्रजी पेज लागणारच, कारण एजन्सीवाले तेच उघडतात. ते याच पेजचं असू द्या, वेगळं मोठेपणाचं नको. आणि ताई मराठीतून इंग्रजी करत नाहीत असं आपणच लिहिलंय ना! म्हणून इंग्रजी पेज ताईंनी लिहिलं, आणि महाडच्या एका इंग्रजीच्या शिक्षकांनी पैसे घेऊन तपासून दिलं. त्यांनी नऊ ठिकाणी लाल पेन चालवलं. त्यातलं एक "मे कॉज"चंच होतं.